एक पिशवी, चार गिऱ्हाइकं

प्रस्तावना

मावळात इंद्रायणी तांदूळ पिकवणाऱ्या, भरडणाऱ्या आणि पिशवीत भरून विकणाऱ्या लोकांसाठी ही पुस्तिका आहे. शेतकरी कंपन्या, बचत गट, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगतचे दुकानदार, आणि घरच्या भातावर घरचं नाव घालून विकू पाहणारी तरुण मुलं-मुली, हे तिचे वाचक. यांतल्या बहुतेकांची अडचण एकच असते. पिशवीवरचा आणि मोबाइलवर पाठवायचा मजकूर आधी इंग्रजीत लिहून घेतला जातो, कारण मुंबईचा आणि पुण्यातल्या सोसायट्यांचा ग्राहक डोळ्यासमोर असतो. मग कुणीतरी त्याच मजकुराचं मराठी, हिंदी, गुजराती करून देतं. पिशवी दिसते छान, इंग्रजी वाचणारा ती घेतो, पण मराठी घरातली बाई हातात घेऊन, उलटून पाहून, परत ठेवते. हे का होतं आणि काय केलं म्हणजे होणार नाही, एवढाच या पुस्तिकेचा विषय आहे.

या विषयावर कुठेही बोलणं निघालं की एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. शेव्हरोले कंपनीची ‘नोव्हा’ नावाची गाडी स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत आपटली म्हणे, कारण स्पॅनिशमध्ये ‘नो वा’ म्हणजे ‘चालत नाही’. ही गोष्ट खोटी आहे. मेक्सिकोत आणि व्हेनेझुएलात ती गाडी व्यवस्थित विकली गेली. तरीही मी तिचा उल्लेख करतो, कारण या गोष्टीनं एक मोठा गैरसमज पसरवला आहे: जाहिरात परभाषेत फसते ती हास्यास्पद चुकीमुळे, आणि चूक टाळली की काम झालं. माझा अनुभव उलटा आहे. हास्यास्पद चूक कुणाच्या तरी लक्षात येते आणि दुरुस्त होते. नुकसान करतं ते बिनचूक भाषांतर. व्याकरण नीट, शब्द कोशातले, अर्थ मुळाबरहुकूम, आणि वाचणाऱ्यावर परिणाम काहीच नाही. त्यात चूक सापडत नाही, म्हणून ते वर्षानुवर्षं पिशवीवर छापलं जातं.

आधी मालाबद्दल थोडं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. इंद्रायणी हे वाण वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात तयार झालं आणि 1987 मध्ये प्रसारित झालं. आंबेमोहर 157 आणि आयआर-8 यांचा तो संकर. आंबेमोहर सुवासिक, पण उंच वाढून लोळणारा आणि उत्पन्नाला कमी. आयआर-8 हे आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं 1966 मध्ये दिलेलं बुटकं, भरघोस पिकणारं वाण, पण त्याला वास नाही आणि भात चवीला सामान्य. दोहोंच्या मेळातून निघालेल्या इंद्रायणीला वास आहे, उतारा चांगला आहे, आणि शिजल्यावर भात मऊ, एकमेकाला धरून राहणारा होतो. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ या तिन्ही खोऱ्यांत ती पसरली ती यामुळेच. साधारण नोव्हेंबरपर्यंत कापणी-झोडणी आटोपते आणि डिसेंबरपासून नवा तांदूळ बाजारात यायला लागतो.

आता समजा, कामशेतच्या आसपासच्या एखाद्या गटाला पाच किलोची पिशवी काढायची आहे. इंग्रजी मजकूर त्यांनी लिहून घेतला. खालचा मजकूर मी उदाहरणासाठी रचला आहे, पण या धर्तीचे मजकूर तुम्ही बाजारात पाहिले असतील:

‘फ्रॉम द मिस्टी हिल्स ऑफ लोणावळा. अ‍ॅन एअरलूम राइस, ग्रोन विथ लव्ह. ब्रिंग होम द गुडनेस ऑफ मावळ. नॉट जस्ट राइस, अ मेमरी.’

इंग्रजीत हा मजकूर वाईट नाही. एका शब्दाबद्दल माझी गंभीर तक्रार आहे, तिच्याकडे पुढे येतो. हा मजकूर ज्याच्यासाठी लिहिला आहे, त्याला इंद्रायणी म्हणजे काय हे माहीत नाही. त्याला लोणावळा माहीत आहे, तिथलं पावसाळी धुकं माहीत आहे, आणि तिथून काहीतरी घरी नेण्याची सवय आहे. म्हणून मजकूर ओळखीच्या जागेपासून सुरू होतो आणि अनोळखी तांदळापर्यंत त्याला नेतो. ओळख करून देणं हे या मजकुराचं काम आहे आणि ते तो करतो.

त्याचं सरळ मराठी असं होतं: ‘लोणावळ्याच्या धुकाळ डोंगरांमधून. प्रेमाने पिकवलेला वारसा तांदूळ. मावळचा चांगुलपणा घरी आणा. हा फक्त तांदूळ नाही, ही एक आठवण आहे.’

‘चांगुलपणा’ माणसाचा असतो, तांदळाचा नाही, हे कुणीही ताबडतोब दाखवेल. तो शब्द बदलून ‘सत्त्व’ घातलं, ‘अस्सलपणा’ घातला, तरी मजकूर सुधारत नाही. दुखणं शब्दाच्या खाली आहे, म्हणून एकेक ओळ घेऊन बघू.

लोणावळा हे नाव मराठी वाचणाऱ्याच्या मनात सहल, थंड हवा आणि चिक्की घेऊन येतं. भात म्हटलं की त्याला लोणावळा आठवत नाही, मावळ आठवतो. भातखाचरं खोऱ्यांत आहेत, कामशेत, कान्हे, वडगाव, पवनानगर या बाजूंना, आणि हे पुण्यातल्या घरांना माहीत आहे, कारण अनेकांचे नातेवाईक तिथले आहेत किंवा दरवर्षी तिथून पोतं येतं. लोणावळ्याचा तांदूळ म्हटल्यावर त्याला वाटतं, हा पर्यटकांना विकायचा माल आहे, म्हणजे महाग आणि बेभरवशाचा. इंग्रजी वाचणाऱ्याला विश्वास देणारं नाव मराठी वाचणाऱ्याचा विश्वास घालवतं.

धुक्याचंही तेच. शनिवार-रविवारी घाट चढून येणाऱ्याला धुकं हे सुख आहे. भातशेती पाहिलेल्या माणसाला दाणा भरायच्या वेळचं धुकं आणि दव म्हटलं की करपा आठवतो. तो बुरशीचा रोग आहे, आणि गार, दमट, ढगाळ हवा त्याला पोसते. शहरात दोन पिढ्या काढलेल्या घरातही ही जाण थोडीफार शिल्लक असते. धुकं चांगल्या तांदळाची खूण म्हणून सांगितलं की तिथे काहीतरी खटकतं.

आणि आता तो शब्द, ‘एअरलूम’. पिढ्यान् पिढ्या जपलेलं जुनं वाण असा त्याचा अर्थ. 1987 मध्ये संशोधन केंद्रातून संकर करून निघालेलं वाण एअरलूम होऊ शकत नाही. इंग्रजीत ही चूक खपून गेली, कारण वाचणाऱ्याला तपासायचं साधन नव्हतं. ‘वारसा तांदूळ’ किंवा ‘पारंपरिक वाण’ असं मराठीत आलं की वडगावच्या केंद्राबद्दल ऐकलेला पहिलाच माणूस ते खोटं ठरवतो, आणि त्यानंतर पिशवीवरचं खरंही तो मानत नाही. म्हणून मराठी लिहिणाऱ्यानं मूळ इंग्रजी मजकूरही तपासावा आणि चूक दिसली तर ती इंग्रजीतच दुरुस्त करायला लावावी, असं मी आग्रहानं सांगेन. त्याला मालाची माहिती जास्त असते. ती फक्त एका भाषेच्या कामी लावणं म्हणजे बाकीच्या भाषांत खोटं बोलत राहणं.

राहिली शेवटची ओळ, आठवणीची. जिच्या घरी रोज हाच भात शिजतो, तिला तो आठवण म्हणून विकता येत नाही. दूर गेलेल्याला आठवण लागते. परदेशी राहणाऱ्या मराठी मुलाला इंग्रजीत ती ओळ भिडेलही, पण कोथरूडमध्ये दर महिन्याला पाच किलो तांदूळ भरणाऱ्या घराला तिचा काही उपयोग नाही.

जाहिरात कुणालाही पटते ती त्याच्या मनातल्या शंकेला उत्तर दिल्यामुळे, आणि शंका भाषेबरोबर बदलते. भाषा बदलली की मालाशी असलेली ओळख बदलते, स्वयंपाकघर बदलतं, पूर्वी झालेली फसवणूकही बदलते. इंग्रजी वाचणाऱ्याची शंका असते, ‘हा कोणता तांदूळ, आणि मी नेहमीचा बासमती सोडून हा का घ्यावा?’ मराठी वाचणाऱ्याला हा प्रश्नच नाही. त्याचे प्रश्न वेगळे आहेत आणि ते कुठल्याही दुकानात उभं राहिलं तर ऐकू येतात. ही खरी इंद्रायणी आहे का? यात दुसरा तांदूळ मिसळलाय का? नवा आहे की जुना? कुठून आलाय? किलोला काय पडतो? इंद्रायणीच्या नावाखाली भलताच तांदूळ मिळाल्याचा अनुभव अनेक घरांत आहे, म्हणून पहिले दोन प्रश्न सगळ्यांत जड. सरळ भाषांतरात या पाचांपैकी एकाचंही पटणारं उत्तर नाही. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मात्र चार ओळींत आहे.

लोणावळ्याच्या चिक्कीला ही अडचण कधी आली नाही, हे इथे लक्षात घ्यावं. तिथल्या दुकानांच्या पाट्यांवर दोन-तीन लिप्या दिसतात, पण लिहिलेलं असतं नाव आणि चिक्कीचे प्रकार. मराठी, गुजराती, हिंदी बोलणारे सगळे गिऱ्हाईक चिक्कीला चिक्कीच म्हणतात आणि सगळ्यांना ती सारखीच माहीत असते. ज्या मालाची ओळख सर्वांना सारखी, त्याचं नाव फक्त दुसऱ्या लिपीत लिहिलं तरी पुरतं. इंद्रायणीची ओळख भाषेगणिक वेगळी, म्हणून तिथे नव्यानं लिहावं लागतं. आपला माल कोणत्या बाजूचा, हे आधी ठरवा.

तर मराठी मजकूर असा होऊ शकेल:

‘मावळची इंद्रायणी. यंदाचं भात, कामशेतच्या गिरणीत भरडलेलं. दुसरा तांदूळ मिसळलेला नाही. नवा तांदूळ आहे, पाणी बेतानं घाला. मऊ भात, वर तूप-मेतकूट, आणि झाकण काढलं की घरभर वास.’

यात सुंदर असं एकही वाक्य नाही आणि ते मी हेतूनं टाळलं आहे. पहिल्या तीन वाक्यांत कुठून, केव्हाचं आणि मिसळलेलं की नाही याची उत्तरं आहेत. चौथं वाक्य मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं. जुन्याच्या मापानं घातलं तर भात गच्च गोळा होतो आणि बाई तांदळाला नावं ठेवते. ही सूचना इंग्रजी मजकुरात नव्हती, पण मराठीत ती विक्रेत्याबद्दल एक गोष्ट सांगून जाते: याला भात शिजवता येतो. कौतुकाच्या चार विशेषणांपेक्षा तिचा परिणाम जास्त होतो. ‘घाला’ हे रूपही पाहा. मराठीत तूप-मिठाच्या गोष्टी ‘आपण घालावे’ अशा सरकारी आदरानं बोलल्या जात नाहीत आणि ‘घाल’ म्हणण्याइतकी सलगी पिशवीला नसते. दुकानदार ओळखीच्या गिऱ्हाइकाशी ‘तुम्ही’ म्हणून बोलतो, तेच अंतर मजकुरात राखायचं.

आणखी एक गोष्ट इथे न लिहिल्यामुळे साधली आहे. इंद्रायणी हे नाव मराठी माणसानं ऐकलं की देहू-आळंदी त्याच्या मनात आपोआप येते. इंग्रजीत ते नुसतं एक नाव आहे, म्हणून तिथे नदीची गोष्ट सांगावी लागते. मराठीत ती सांगायला गेलात, टाळ-मृदंग छापलेत, तर श्रद्धेवर माल विकल्यासारखं होतं. मला ते बरोबर वाटत नाही आणि त्याची गरजही नाही.

गुजराती मजकुराबद्दल थोडक्यात. मुंबईहून लोणावळा-खंडाळ्याला येणारी अनेक गुजराती कुटुंबं रात्रीच्या जेवणात खिचडी-कढी खातात. त्यांना हवी असते ती मऊ, सैल, ‘ढीली’ खिचडी, आणि त्यासाठी घरात जिरासरसारखा लहान दाण्याचा तांदूळ वेगळा ठेवलेला असतो. त्या कुटुंबाला मेतकुटाशी काही देणंघेणं नाही. तिथे मजकुराचं पहिलंच वाक्य खिचडीचं असावं, मावळ नंतर आला तरी चालेल. भेसळीची शंकाही तिथे नाही, कारण इंद्रायणीच्या नावानं ते कधी फसलेले नाहीत. ‘दुसरा तांदूळ मिसळलेला नाही’ हे वाक्य गुजरातीत नेलं तर नसलेली शंका आपणच निर्माण करू.

हिंदीत सगळ्यांत जपावं लागतं. तळेगाव, चाकण, पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत कामाला आलेल्या हिंदीभाषक घरांत चांगल्या भाताची कसोटी बहुधा दाणा न् दाणा सुटा असणं ही आहे. ‘मऊ भात’ हे मराठीतलं कौतुक हिंदीत दोष ठरतं. अशा वेळी लिहिणाऱ्याला मोह होतो की मऊपणाचा उल्लेखच गाळावा. तो गाळला तर पिशवी एकदा विकली जाते, घरी पुलाव बिघडतो आणि गिऱ्हाईक कायमचं जातं. त्यापेक्षा ‘बिरयानी के लिए नहीं, खिचड़ी और खीर के लिए’ असं स्वच्छ लिहावं. विक्री थोडी कमी होईल, पण घेणारा परत येईल.

इथवर वाचून कुणाला वाटेल की भाषा बदलली की काहीही बदलता येतं. तसं नाही. पिशवीवर दोन प्रकारचा मजकूर असतो आणि त्यांचे नियम वेगळे आहेत. वजन, किंमत, भरल्याची तारीख, उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक ही माहिती आहे. ती शब्दाला शब्द तीच राहिली पाहिजे. अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या 2020 च्या लेबलविषयक नियमांप्रमाणे आवश्यक माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत द्यावी लागते. सोबत मराठी किंवा दुसरी भाषा वापरायची मुभा आहे, पण तिच्यातली माहिती पहिलीशी विसंगत असता कामा नये. नव्यानं लिहायचा तो मन वळवणारा भाग.

त्या भागालाही सत्याची चौकट आहेच. मला वारंवार दिसलेला प्रकार असा, की इंग्रजीत जे कुणी लिहायला धजत नाही ते मराठीत बिनदिक्कत लिहिलं जातं: ‘शुगर असणाऱ्यांनाही चालतो’, ‘शंभर टक्के विषमुक्त’. समजूत अशी असते की मराठी मजकूर कोण तपासतोय. 1985 पासून काम करणारी भारतीय जाहिरात मानक परिषद असो की 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा, दिशाभूल कोणत्या भाषेत केली याला तिथे सवलत नाही. या कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायदा बाजूला ठेवला तरी साखरेच्या रुग्णाला पिशवीवर आरोग्याचा सल्ला देण्याचा अधिकार आपल्याला नाही. जे एका भाषेत सिद्ध करता येत नाही ते कोणत्याच भाषेत लिहू नये.

नव्यानं लिहिलेला मजकूर बहुतेकदा मंजुरीच्या टप्प्यावर मारला जातो. पैसे देणारा किंवा पिशवीची रचना करणारा मराठी वाचत नसतो. तो म्हणतो, याचं परत इंग्रजी करून दाखवा. ‘पाणी बेतानं घाला’चं इंग्रजी समोर येतं आणि त्याला वाटतं, जाहिरातीत हे काय, आमची धुक्याची ओळ कुठे गेली? मग मूळ ओळी परत घुसतात. उलट भाषांतर मागण्यात गैर नाही, दाव्यांची खातरजमा करायला ते हवंच. पण ते एकटं पाठवू नका. प्रत्येक ओळीशेजारी तिचं इंग्रजी, आणि त्याच्याशेजारी ती ओळ कोणाच्या कोणत्या शंकेला उत्तर देते, असे तीन रकाने करा. तिसरा रकाना भरता येत नसेल तर ती ओळ खरंच काढून टाकावी, मग ती कुणीही लिहिलेली असो. इंग्रजी मजकुरालाही हीच परीक्षा लावा.

मजकूर लागू पडतोय की नाही हे कसं ओळखायचं? ‘आवडला का?’ असं विचारू नका, लोक भिडेखातर हो म्हणतात. वाचायला द्या, पिशवी बाजूला ठेवा आणि विचारा, याचं काय कराल? भाषांतरित मजकूर वाचलेला माणूस ‘छान आहे’, ‘चांगलं लिहिलंय’ असं मजकुराबद्दल बोलतो. नीट लिहिलेला मजकूर वाचलेला माणूस तांदळाबद्दल बोलतो: किलोला काय भाव, दहा किलोची मिळेल का, जुना आहे का तुमच्याकडे. हा फरक पाच-सात माणसांत कानावर येतो. मोबाइलवरून विकत असाल तर फोटो, भाव आणि वार तोच ठेवून फक्त मजकूर बदला आणि चौकशी किती आली ते लिहून ठेवा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं फरक पडला ते कळत नाही. आणि चार फोन जास्त आले म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका, पूर्ण हंगाम जाऊ द्या.

या सगळ्याला एक मर्यादा आहे आणि ती सुरुवातीलाच सांगणं माझं कर्तव्य आहे. तांदळाचा वास उडणारा असतो. भरडून महिनोन् महिने पडलेल्या पिशवीत तो डिसेंबरइतका राहत नाही. ‘झाकण काढलं की घरभर वास’ ही ओळ नव्या तांदळावर खरी आहे, तीच जूनमध्ये खोटी ठरू शकते. छपाई स्वस्त पडते म्हणून वर्षभराच्या पिशव्या एकदम छापल्या जातात आणि मजकूर मालाच्या पुढे निघून जातो. जमलं तर हंगामाचा मजकूर वेगळ्या चिठ्ठीवर छापून चिकटवा, आणि उन्हाळ्यानंतर ती चिठ्ठी बदला. जुन्या तांदळाचेही गुण आहेत. तो पाणी जास्त घेतो, फुगतो, भात थोडा मोकळा होतो. ते लिहा.

पुढच्या प्रकरणांत एकेका भाषेचं काम सविस्तर येईल. त्याआधी एक विनंती. तुमच्या सध्याच्या पिशवीवरचा मराठी मजकूर उद्या दुकानात तुमच्याकडून तांदूळ नेणाऱ्या एखाद्या बाईंना मोठ्यानं वाचायला सांगा, आणि वाचून झाल्यावर त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न जसाच्या तसा लिहून घ्या. नवा मजकूर त्या प्रश्नाच्या उत्तरापासून सुरू करा.